बँकेत पैसे वाढले, मग तूट कशी?

जून-जुलै उजाडला की क्लब, मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या सूचना येऊ लागतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून झाले की लगेच हिशेबांना मंजुरी देण्याचा विषय येतो. खजिनदार उभे राहतात, तपासलेल्या पत्रकातले आकडे वरून खाली वाचतात, एकजण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. सगळे मिळून पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत सभासदांनी वर्षभर दिलेल्या पैशाचे काय झाले, हे बहुतेकांना कळलेले नसते. विचारायची इच्छा असते, पण नेमके काय विचारावे हे समोरच्या कागदावरून सुचत नाही.

याला कागदाची मांडणीही बरीच कारणीभूत आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थांना ३१ मार्च अखेरचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ठरावीक नमुन्यात तयार करावे लागते. लेखापाल त्यांना शेड्यूल आठ आणि शेड्यूल नऊ म्हणतात. शेड्यूल नऊमध्ये खर्च डावीकडे आणि उत्पन्न उजवीकडे असते. वर्षभरातल्या प्रत्यक्ष पैशांचे जे जमाखर्च पत्रक असते, त्यात मात्र आलेले पैसे डावीकडे आणि गेलेले उजवीकडे. दोन्ही कागद एकापाठोपाठ हातात पडले की वाचणाऱ्याची दिशाच चुकते. त्यात आणखी एक अडचण अशी, की वर्षाला तूट आली तर ती उत्पन्नाच्या बाजूला, सगळ्यात खाली लिहितात. दोन्ही बाजूंची बेरीज समान यावी म्हणून ही पद्धत आहे. पण सभासदाला दोन्ही बाजूंना सारखाच आकडा दिसतो आणि हिशेब जुळला, म्हणजे सगळे ठीक आहे असे त्याला वाटते.

कायद्याच्या नमुन्यातली पत्रके करायलाच हवीत. सभेत समजावून सांगण्यासाठी मात्र खजिनदाराने वेगळा, एका पानाचा तक्ता करावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात वर उत्पन्न, खाली खर्च आणि शेवटी फरक, एवढेच असावे. असा तक्ता घेऊन केलेले भाषण कसे असावे, हे एका उदाहरणातून पाहू. क्लब आणि त्याचे आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण त्यातली प्रत्येक गुंतागुंत लहान संस्थांच्या हिशेबात नेहमी आढळते.

जिल्ह्याच्या गावातला एक बॅडमिंटन क्लब आहे. वार्षिक सभासद १२०, वर्गणी वर्षाला ३,००० रुपये. शिवाय एकदाच २०,००० रुपये भरून झालेले आजीव सभासद आहेत. त्यांना पुढे वार्षिक वर्गणी नाही. असे पाच जण आधीपासून होते, यंदा आणखी सात झाले. क्लबला स्वतःची इमारत नाही, सभागृह भाड्याने घेतलेले आहे. दिवाळीनंतर एक खुली स्पर्धा होते. हिशेबाचे वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. खजिनदार म्हणून काम पाहणाऱ्या बाई सभेपुढे उभ्या आहेत आणि प्रत्येक सभासदाच्या हातात तक्त्याची प्रत आहे.

त्या सुरुवात बँकेतल्या शिलकेपासून करतात, कारण सभासदांच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो.

"गेल्या वर्षी १ एप्रिलला आपल्या खात्यात १,४०,००० रुपये होते. यंदा ३१ मार्चला १,८१,००० आहेत. म्हणजे वर्षभरात ४१,००० रुपये वाढले. पासबुकातला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा एकच आहे, कारण ३१ मार्चला एकही धनादेश वटायचा राहिलेला नव्हता. आता हातातल्या तक्त्याची शेवटची ओळ बघा. तिथे ४६,००० रुपयांची तूट लिहिली आहे. या दोन आकड्यांचा मेळ कसा बसतो, तेवढेच मला आज सांगायचे आहे."

तक्ता असा आहे :

| तपशील | रुपये |
|---|---|
| उत्पन्न | |
| वार्षिक वर्गणी (१२० × ३,०००) | ३,६०,००० |
| स्पर्धेचे प्रवेश शुल्क | ६०,००० |
| बँकेचे व्याज | ८,००० |
| एकूण उत्पन्न | ४,२८,००० |
| खर्च | |
| सभागृहाचे भाडे | १,८०,००० |
| वीज | ६०,००० |
| शटल | ७२,००० |
| देखभाल व साफसफाई, पगार | ७२,००० |
| स्पर्धेचा खर्च | ६८,००० |
| कार्यालय व हिशेब तपासणी | १२,००० |
| दिव्यांचा घसारा | १०,००० |
| एकूण खर्च | ४,७४,००० |
| तूट | ४६,००० |

"पहिली ओळ वर्गणीची. १२० गुणिले ३,०००, म्हणजे ३,६०,०००. ही ओळ तुम्ही स्वतः पडताळू शकता. सभासदांची यादी सूचना फलकावर आहे, ती मोजा आणि वर्गणीने गुणा. आकडा जुळला नाही तर मला विचारा."

ही पडताळणी साधी आहे, पण कुठल्याही क्लबचा हिशेब तपासताना सगळ्यात आधी तीच करावी. पावती न फाडता घेतलेली वर्गणी, परस्पर दिलेली सवलत, यादीत राहून गेलेले जुने सभासद, यांतले काहीही झाले असेल तरी ते या एका गुणाकारात उघडे पडते. फरक पडला म्हणजे गैरव्यवहारच झाला असे नाही. वर्षाच्या मध्यात आलेल्या सभासदाकडून अर्धी वर्गणी घेतली असेल. पण फरकाचे कारण खजिनदाराला सांगता आले पाहिजे.

"तुम्ही म्हणाल, बँकेत तर वर्गणीचे ३,५४,००० रुपयेच आलेत. बरोबर. ११२ जणांनी यंदाची वर्गणी भरली, तिचे ३,३६,००० झाले. सहा जणांनी पुढच्या वर्षाची वर्गणी मार्चमध्येच भरून टाकली, ते १८,००० रुपये. दोन्ही मिळून ३,५४,०००. आठ जणांचे २४,००० रुपये अजून यायचे आहेत. तक्त्यात मी ज्या वर्षाची वर्गणी त्याच वर्षात धरली आहे. आठ जण वर्षभर खेळले, तेव्हा त्यांची वर्गणी या वर्षाचे उत्पन्न आहे, पैसे हातात आले नसले तरी. आणि आगाऊ आलेले १८,००० हे पुढच्या वर्षाच्या खेळाचे आहेत, ते या वर्षात मोजायचे नाहीत."

मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "मॅडम, त्या आठातले काही तर क्लब सोडून गेलेत. त्यांचे पैसे येणार का?"

"काका, तीन जण सोडून गेले आहेत, पण तिघांशीही बोलणे झाले आहे आणि त्यांनी देतो म्हटले आहे. म्हणून मी २४,००० पूर्ण धरले. सप्टेंबरपर्यंत आले नाहीत, तर पुढच्या तक्त्यात ९,००० रुपये बुडीत म्हणून खर्चात दाखवावे लागतील."

इथे या पद्धतीची मर्यादाही दिसते. प्रत्यक्ष पैशांचा हिशेब पासबुकाशी ताडून बघता येतो. उत्पन्न-खर्चाच्या हिशेबात मात्र खजिनदाराचा अंदाज मिसळतो. येणे रक्कम खरोखर येईल का, दिवे किती वर्षे टिकतील, हे ठरवावे लागते. जुनी थकबाकी वर्षानुवर्षे येणे म्हणून धरत गेले की तूट झाकली जाते. ती ओळखण्याचा मार्ग म्हणजे येणे रकमेची मागच्या वर्षाशी तुलना करणे. ती दरवर्षी फुगत चालली असेल, तर नावांची यादी मागावी.

बाई खर्चाकडे वळतात. भाडे, पगार आणि कार्यालयाच्या ओळींवर त्या फारसे थांबत नाहीत. भाडे महिन्याला १५,०००, पगार महिन्याला ६,०००, बारा महिन्यांचे पैसे दिले, विषय संपला.

"विजेची ओळ ६०,००० आहे, पण बँकेतून गेले ५५,०००. मार्चचे ५,००० रुपयांचे बिल एप्रिलमध्ये आले आणि एप्रिलमध्ये भरले. वीज मार्चमध्ये वापरली, म्हणून खर्च मार्चचा. शटलचे याच्या उलट आहे. आपण वर्षभरात ७० नळ्या घेतल्या, १,२०० रुपयांप्रमाणे ८४,००० रुपये दिले. ३१ मार्चला संध्याकाळी कपाट उघडून मोजले, तेव्हा दहा नळ्या शिल्लक होत्या. म्हणजे वापरल्या साठ, खर्च ७२,०००. उरलेल्या १२,००० रुपयांच्या नळ्या अजून क्लबची मालमत्ता आहेत."

कपाट उघडून मोजणे महत्त्वाचे आहे. शिल्लक मालाचा आकडा अंदाजाने लिहिला, तर दहाच्या जागी वीस नळ्या लिहून तूट बारा हजारांनी कमी दाखवता येते. दोन सभासदांच्या सहीने मोजणी झाली असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

"आता दिवे. जुने दिवे काढून आपण एप्रिलमध्येच एलईडी दिवे बसवले. पन्नास हजार रुपये दिले. तक्त्यात मात्र दहाच हजार दिसतात. हे दिवे पाच वर्षे चालतील असे धरले आहे. पाच वर्षे त्यांच्या उजेडात खेळायचे, तर खर्चही पाच वर्षांत वाटायचा. दरवर्षी दहा हजार. यालाच घसारा म्हणतात. पन्नासच्या पन्नास हजार यंदाच लावले असते, तर या वर्षीची तूट ८६,००० दिसली असती आणि पुढची चार वर्षे दिवे फुकट मिळाल्यासारखे वाटले असते."

स्पर्धेच्या ओळीवर त्या मुद्दाम रेंगाळतात. उत्पन्नात ६०,००० आणि खर्चात ६८,०००, म्हणजे स्पर्धेत आठ हजार कमी पडले. काही क्लब अशा वेळी फक्त "स्पर्धा, निव्वळ खर्च ८,०००" अशी एकच ओळ लिहितात. बेरीज तीच येते. पण मग ६८,००० रुपयांचा व्यवहार सभासदांच्या नजरेआड राहतो. बक्षिसे किती, पंचांचे मानधन किती, स्पर्धेसाठी वेगळी घेतलेली शटल किती, हे विचारायची संधीच राहत नाही. लहान संस्थांमध्ये रोख पैसा सर्वाधिक फिरतो तो अशा कार्यक्रमांत, त्यामुळे आलेले आणि गेलेले पैसे पूर्ण रकमेने वेगवेगळे दाखवणे हाच योग्य मार्ग आहे.

एवढ्यात एका सभासदाच्या लक्षात येते की तक्त्यात एक मोठी रक्कम कुठेच नाही. "यंदा सात जण आजीव झाले. एक लाख चाळीस हजार रुपये आले. ते उत्पन्नात का नाहीत? ते धरले तर तूट राहणारच नाही, उलट चौऱ्याण्णव हजारांचा वाढावा दिसेल."

"ताई, तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे," बाई म्हणतात, "आणि म्हणूनच ते पैसे मी तक्त्याबाहेर ठेवले. या सात जणांनी वीस हजार एकदाच दिले आणि ते पुढे वीस-पंचवीस वर्षे खेळणार. दरवर्षी त्यांच्यासाठी दिवे लागणार, शटल लागणार, भाडे जाणार. आज ते सगळे पैसे यंदाचे उत्पन्न म्हणून दाखवले, तर पुढच्या वर्षांत त्यांच्या खेळाचा खर्च कोण भरणार? म्हणून आजीव वर्गणी कायम निधीत जाते. निधी ठेवीत ठेवायचा आणि त्याचे व्याज खर्चाला वापरायचे."

आजीव वर्गणी हिशेबात धरण्याची दुसरीही एक पद्धत आहे. ती रक्कम ठरावीक वर्षांत विभागून दरवर्षी थोडी थोडी उत्पन्नात घेतात. वीस हजार वीस वर्षांत विभागले, तर दरवर्षी एक हजार. दोन्हींपैकी कुठली घ्यायची हे संस्थेच्या घटनेवर आणि हिशेब तपासनीसांच्या सल्ल्यावर ठरते. मात्र एकदा घेतलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी लागते, नाहीतर दोन वर्षांची तुलना निरर्थक होते. पूर्ण रक्कम आली त्या वर्षीच उत्पन्नात धरणे, ही मात्र क्लबला हळूहळू अडचणीत आणणारी सवय आहे. नवे आजीव सभासद येत राहतात तोवर सगळे छान दिसते. ज्या वर्षी ते येणे थांबते, त्या वर्षी एकदम मोठे भगदाड पडते. तोपर्यंत ते आधीची बरीच वर्षे रुंदावत आलेले असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. बाई फळ्यावर तुटीपासून निघतात आणि बँकेतल्या वाढीपर्यंत येतात.

"तूट ४६,०००. तिच्यात घसाऱ्याचे १०,००० आहेत, ते यंदा कुणाला द्यावे लागले नाहीत. ते बाजूला केले तर ३६,००० उरतात. पण दिव्यांचे ५०,००० मात्र खरोखर गेले. म्हणजे ८६,००० रुपये बाहेर. आजीव सभासदांचे १,४०,००० आत आले, तेव्हा ५४,००० वर आलो. आगाऊ वर्गणीचे १८,००० आले, ७२,००० झाले. आठ जणांचे २४,००० आलेच नाहीत, राहिले ४८,०००. विजेचे ५,००० द्यायचे राहिले, म्हणून ५३,०००. शिल्लक शटलसाठी १२,००० आधीच देऊन बसलो, म्हणून ४१,०००. बँकेत वाढलेली रक्कम हीच."

फळ्यावरच्या या सात पायऱ्या म्हणजे भाषणाचा गाभा. यातली एकही पायरी गणिताच्या दृष्टीने अवघड नाही. प्रत्येक पायरीमागे सभासदांना माहीत असलेली एक गोष्ट आहे, दिवे बसवले, कुणी वर्गणी थकवली, कपाटात नळ्या उरल्या. ज्या खजिनदाराला हा पूल सभेपुढे बांधता येतो, त्याच्या हिशेबात चूक लपून राहणे कठीण असते, कारण एखादी रक्कम विसरली तर शेवटचा आकडा बँकेशी जुळतच नाही.

पण बाई इथे थांबत नाहीत. बँकेत १,८१,००० रुपये आहेत हे कळल्यावर पुढचा प्रश्न विचारणे त्यांना भाग वाटते. हे पैसे नेमके कुणाचे आहेत?

"यातले १८,००० पुढच्या वर्षाच्या वर्गणीचे आहेत. ५,००० विजेच्या बिलाचे आहेत. ते वजा केले की राहतात १,५८,०००. आता कायम निधी बघा. आधीच्या पाच आजीव सभासदांचे एक लाख आणि यंदाच्या सातांचे एक लाख चाळीस हजार, मिळून २,४०,००० रुपये निधीत असायला हवेत. आहेत १,५८,०००. म्हणजे ८२,००० रुपये आपण निधीतून वापरून बसलो आहोत."

सभेत चुळबुळ होते. कुणीतरी विचारते, "गेले कुठे?"

"चाळीस हजार दिव्यांत आहेत, घसारा वजा करून त्यांची तेवढी किंमत उरली आहे. बारा हजारांच्या नळ्या कपाटात आहेत. चोवीस हजार आपल्याच आठ सभासदांकडे आहेत. हे झाले शहात्तर. उरलेले सहा हजार मात्र कुठेच नाहीत, ते खर्च झाले. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे निधी सोडून मागच्या वर्षांचा ४०,००० रुपयांचा वाढावा होता. ४६,००० च्या तुटीने तो पूर्ण संपला आणि वर सहा हजार निधीतून गेले."

ताळेबंद नावाचा जो कागद सभासद सहसा उलटून ठेवतात, तो हेच सांगत असतो. एका बाजूला क्लबकडे काय आहे : बँकेत १,८१,०००, दिवे ४०,०००, शटल १२,०००, येणे वर्गणी २४,०००, एकूण २,५७,०००. दुसऱ्या बाजूला त्यावर कुणाचा हक्क आहे : कायम निधी २,४०,०००, आगाऊ वर्गणी १८,०००, वीजबिल ५,०००, आणि त्यातून साचलेली तूट ६,००० वजा. तेही २,५७,०००. वर्षाच्या तक्त्याने यंदा काय घडले ते सांगितले, ताळेबंदाने ३१ मार्चच्या संध्याकाळी क्लब कुठे उभा होता ते सांगितले. पहिला कागद समजल्याशिवाय दुसरा कळत नाही, म्हणून भाषणात क्रम हाच ठेवावा.

यंदाची तूट ही एखाद्या वेगळ्या कारणाने आली की दरवर्षी येणारच आहे, हे आता पाहायला हवे. बाई स्पर्धा बाजूला काढतात. स्पर्धा सोडून खर्च ४,०६,००० आहे. वर्गणी आणि व्याज मिळून ३,६८,००० येतात. म्हणजे स्पर्धा घेतलीच नसती, तरी ३८,००० कमी पडले असते. ही तूट रोजच्या खेळातली आहे आणि काही बदलले नाही, तर पुढच्या वर्षीही ती तेवढीच येणार.

कार्यकारिणीचा प्रस्ताव वर्गणी ५०० रुपयांनी वाढवण्याचा असतो. १२० जणांचे साठ हजार वाढतील, ३८,००० ची तूट भरून २२,००० उरतील आणि निधीत ते दरवर्षी परत टाकता येतील. प्रस्ताव हिशेबात बसतो. तरीही आठवड्यातून एकदा खेळायला येणाऱ्या सभासदांना तो पटत नाही आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. एक गृहस्थ तक्त्यावर बोट ठेवून विचारतात, "यातला कुठला खर्च खेळणाऱ्यावर अवलंबून आहे? भाडे आणि पगार तर कुणी येवो न येवो द्यावेच लागतात."

"शटल," बाई सांगतात. "वीजही थोडीफार, पण मुख्य शटल. आणि शटल आजीव सभासदही वापरतात, ज्यांच्याकडून आपण वर्षाला काहीच घेत नाही."

मग सभेतच नवा हिशेब मांडला जातो. शटलचे ७२,००० खर्चातून काढले तर स्पर्धेशिवायचा खर्च ३,३४,००० होतो. उत्पन्न तेच, ३,६८,०००. वर्गणी एक रुपयानेही न वाढवता ३४,००० उरतात. शटल ज्याने वापरले त्याने त्याचे पैसे द्यायचे. पिसांच्या शटलच्या नळीत बारा नग असतात, म्हणजे १,२०० रुपयांच्या नळीतले एक शटल शंभर रुपयांचे. दुहेरीच्या खेळात चौघांत वाटले तर प्रत्येकी पंचवीस रुपये. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला हे वर्गणीवाढीपेक्षा परवडते की नाही, ते त्याचे एका खेळात किती शटल फाटतात यावर ठरेल. रोज खेळणाऱ्याला मात्र ते नक्कीच महाग पडेल. पण खर्च ज्याचा त्याच्यावर पडेल, आजीव सभासद धरून.

रोज खेळणारे काहीजण विरोध करतात. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण क्लब चालता ठेवणारे तेच असतात आणि नवोदितांना शिकवणारेही तेच. चर्चेअंती असे ठरते की सहा महिने शटलचे वेगळे पैसे घेऊन बघायचे, वर्गणीवाढीचा विषय तोवर राखून ठेवायचा. यंदा आलेल्या आजीव वर्गणीची १,४०,००० रुपयांची मुदत ठेव लगेच करायची. खात्यात मग मार्चअखेरच्या शिलकेपैकी ४१,००० उरतात. महिन्याचा नेहमीचा खर्च तेहेतीस हजारांच्या आसपास आहे, तेव्हा एवढी रक्कम हाताशी असणे आवश्यकच आहे. आधीचे एक लाख एकदम ठेवीत टाकता येणार नाहीत. ते उरलेल्या वाढाव्यातून, तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने पुरे करायचे.

शटलच्या पैशांचा हिशेब कसा ठेवायचा, हा शेवटचा प्रश्न. बाई उत्तर तयार ठेवूनच आल्या आहेत. सभागृहात एक वही राहील. नवे शटल काढले की तारीख, कोर्ट क्रमांक आणि खेळाडूंची नावे त्यात लिहायची. पैसे शक्यतो थेट क्लबच्या खात्यात जमा करायचे. दर महिन्याच्या शेवटी कपाटातल्या नळ्या मोजायच्या. गेल्या वर्षी साठ नळ्या लागल्या, म्हणजे ७२० शटल, महिन्याला सरासरी साठ. महिन्यात पाच नळ्या कमी झाल्या आणि वहीत पन्नासच शटल असतील, तर दहा शटलची नोंद राहिली आहे. त्याची विचारणा त्याच महिन्यात व्हायची, पुढच्या मार्चपर्यंत थांबायचे नाही. वही कुणाच्या ताब्यात राहील, हे ठरवून सभा पुढच्या विषयाकडे वळते.